वजन ९ किलोंनी उतरले, एएलटी सुधारले, तरी फिब-४ चा आकडा वाढला. याचा अर्थ काय लावायचा?

अनुस्वार
माझ्या यजमानांचे वय आता ५३ आहे. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ते मद्य घेत नाहीत. चार महिन्यांपूर्वी त्यांना फॅटी लिव्हरचे निदान झाले, तेव्हा उंची १६५ सेंमी, वजन ९२ किलो आणि कमरेचा घेर १०८ सेंमी होता. रक्तात यकृताची एन्झाइम एएसटी ४८ आणि एएलटी ६४, तर प्लेटलेट १ लाख ९० हजार होत्या. डॉक्टरांनी त्यावरून यकृतातल्या व्रणाचा अंदाज देणारा फिब-४ हा आकडा काढला, तो १.६४ आला. मग इलॅस्टोग्राफी करायला सांगितली, तिच्यात यकृताचा ताठरपणा ९.१ किलोपास्कल निघाला. वर्षभरात वजन ७ ते १० टक्क्यांनी, म्हणजे साडेसहा ते नऊ किलोंनी, कमी करा, असे उद्दिष्ट त्यांनी दिले.

यजमानांनी ते फारच मनावर घेतले. पहिल्या सहा आठवड्यांतच सात किलो उतरले, पुढच्या अडीच महिन्यांत आणखी दोन. आज वजन ८३ आणि कंबर ९९ आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासले, तर एएसटी ४०, एएलटी ३६ आणि प्लेटलेट पूर्वीइतक्याच निघाल्या. दोन्ही एन्झाइम कमी झाल्याचा आनंद झाला, पण अहवालाच्या तळाशी फिब-४ १.८६ असा लाल अक्षरांत छापलेला पाहून ते हबकलेच. "एवढे उपाशी राहून यकृत आणखी बिघडले असेल, तर काय उपयोग?" असे म्हणून त्या रात्री ते जेवलेही नाहीत. डॉक्टरांची भेट दोन आठवड्यांनी आहे. तोवर हा आकडा कसा वाचायचा, हे कोणी समजावून सांगेल का?

दगडफूल
अजिबात काळजी करू नका. दहा टक्के वजन उतरले की फायब्रोसिस, म्हणजे यकृतातला व्रण, मागे फिरतो, हे सिद्ध झालेले आहे, आणि तुमच्या यजमानांचे जवळजवळ तेवढे उतरले आहे. फिब-४ हे नुसते गणित आहे, त्यात यकृत कोणी पाहिलेले नसते. तो आकडा सोडून द्या आणि वजन असेच उतरवत राहा.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून आधी गणिताबद्दलच लिहिते. सूत्र असे आहे:

```
FIB-4 = (Age × AST) / (Platelets × √ALT)
```

प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे १ लाख ९० हजारांसाठी १९०. पहिल्या वेळी ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६, आणि खाली ६४ चे वर्गमूळ ८ म्हणून १९० गुणिले ८, म्हणजे १५२०. भागाकार १.६४. आता ५३ गुणिले ४० म्हणजे २१२०, आणि खाली ३६ चे वर्गमूळ ६ म्हणून ११४०. भागाकार १.८६. म्हणजे छपाईची चूक नाही.

मात्र एएलटी छेदात आहे, हे लक्षात घ्या. ते कमी झाले की छेद लहान होतो आणि उत्तर फुगते. एएलटी पूर्वीसारखेच ६४ राहिले असते आणि बाकी सारे आजचेच धरले असते, तर फिब-४ १.३९ आला असता. म्हणजे ज्या सुधारणेचा तुम्हाला आनंद झाला, तिनेच हा आकडा वर ढकलला आहे. वयाचे एक वर्ष वाढले त्याचा वाटा जेमतेम ०.०४ आहे.

दगडफूल
मग मी म्हटले तेच खरे ठरले. आकडा निरर्थक आहे.

काचपट्टी
दगडफूल, निरर्थक नाही. सूत्र असे बांधण्यामागे कारण आहे. फायब्रोसिस पुढे सरकत जातो तसे बऱ्याच रुग्णांत एएलटी खाली येते, एएसटी मात्र त्या मानाने टिकून राहते आणि प्लेटलेट घटू लागतात. त्यामुळे एएलटी सामान्य झाले म्हणून यकृत सुरक्षित झाले, असे म्हणता येत नाही, आणि नेमके तेच पकडण्यासाठी ते छेदात ठेवलेले आहे. हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे दोन्ही असलेल्या रुग्णांच्या माहितीवरून बसवले गेले. कोणाला पुढची तपासणी लागेल, हे चाळून काढण्यासाठी ते चांगले आहे. चार महिन्यांच्या आहाराचा परिणाम मोजण्यासाठी ते कोणी बनवलेले नाही. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर जास्त आणि मधल्या पट्ट्यात इलॅस्टोग्राफीसारखी दुसरी तपासणी, असा त्याचा वापर आहे. यजमान त्या वेळीही मधल्या पट्ट्यात होते आणि आजही तिथेच आहेत.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. एएलटी जवळपास निम्म्यावर आले, पण एएसटी थोडेच उतरले. एएसटी यकृताखेरीज स्नायूंतही भरपूर असते. रक्त देण्याआधीच्या आठवड्यात त्यांनी काही जड व्यायाम केला होता का? शिवाय रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तरीही एएसटी खोटे वाढते. अहवालावर तसा शेरा आहे का, ते पाहा.

अनुस्वार
शेरा काही नाही. पण व्यायामाचे अगदी बरोबर ओळखलेत. मुलाने त्यांना त्याच आठवड्यात वजने उचलायला शिकवायला सुरुवात केली होती. रक्त देण्याच्या दोन दिवस आधी मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना ते कठडा धरून आडवे पाऊल टाकत होते.

काचपट्टी
मग त्या ४० पैकी काही भाग स्नायूंचा असण्याची बरीच शक्यता आहे. सवय नसताना केलेल्या व्यायामानंतर एएसटी कित्येक दिवस वर राहू शकते. सात ते दहा दिवस जड व्यायाम बंद ठेवून पुन्हा रक्त द्या आणि डॉक्टरांना विचारून सोबत क्रिएटिन कायनेज तपासा. ते स्नायूंतून येते, यकृतातून नाही.

मध्यलय
माझ्याही सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आले होते आणि सहा महिन्यांनी ग्रेड १ आले. म्हणजे माझा फायब्रोसिस दुसऱ्या टप्प्यावरून पहिल्यावर आला, असे मी समजत होतो. तुम्ही सगळे ग्रेड सोडून या आकड्यांच्या मागे का लागला आहात? माझा बीएमआय तर फक्त २२ आहे, मग मलाही दहा टक्के वजन उतरवावे लागेल का?

रुईफूल
मध्यलय, सोनोग्राफीतला ग्रेड हा यकृतात चरबी किती दिसते याचा अंदाज असतो. फायब्रोसिसचे टप्पे ही वेगळी मोजणी आहे. चरबी कमी होऊनही व्रण तसाच राहू शकतो. उलट, पुढे गेलेल्या सिऱ्हॉसिसमध्ये चरबी आपोआप घटते आणि अहवाल वरवर बरा दिसतो, म्हणून ग्रेडवर विसंबू नका. तुमचा फिब-४ काढून घ्या. मात्र वय ३५ च्या आत असेल, तर तो फारसा विश्वासार्ह नसतो. तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला साधारण ३ ते ५ टक्क्यांचे उद्दिष्ट पुरते, आणि त्यातही काट्यापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी यकृतरोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दगडफूल, तुम्ही म्हणता त्या दहा टक्क्यांमागे खरा आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९३ रुग्णांचा आहार आणि हालचाल ५२ आठवडे बदलून त्यांची आधी आणि नंतर बायॉप्सी केली होती. ज्यांचे वजन १० टक्के किंवा जास्त उतरले, त्यांपैकी ९० टक्क्यांत यकृताचा दाह शमला, पण फायब्रोसिस मागे गेला तो ४५ टक्क्यांत. म्हणजे एवढे वजन उतरवूनही निम्म्याहून अधिक लोकांत वर्षभरात व्रण मागे गेलेला दिसला नाही. शिवाय तेवढे वजन उतरवणे जेमतेम दहापैकी एकाला जमले होते. म्हणून "दहा टक्के झाले, आता तपासणी नको" असे कोणाला सांगू नका.

अनुस्वार, मला फिब-४ पेक्षा जास्त चिंता वाटते ती सहा आठवड्यांतल्या सात किलोंची. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बरा वेग आहे, ते त्यापेक्षा जोरात गेले. जे उतरले त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. म्हणून काही गोष्टी विचारते. ते दिवसभरात काय खातात आणि पितात ते तीन दिवस लिहून ठेवा, आणि त्यांतला एक दिवस सुट्टीचा असू द्या. त्या नोंदीत प्यायच्या वस्तू विसरू नका.

दुसरी गोष्ट घरीच करता येईल. हात नसलेली, साध्या उंचीची, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांनी हात छातीवर घट्ट बांधून, खुर्चीला न धरता, पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. तुम्ही घड्याळ लावा. पाचव्यांदा पाय सरळ झाले की वेळ थांबवा. मांड्या अजून दुखत असतील, तर त्या बऱ्या झाल्यावरच करा.

अनुस्वार
चार दिवस थांबून केले. पहिल्या तीन वेळा ते झटकन उठले. चौथ्या वेळी पुढे झुकून, दम घेऊन उठले. पाचव्यांदा हात आपोआप खुर्चीकडे गेला, म्हणून आम्ही पुन्हा सुरुवातीपासून मोजले. १६.८ सेकंद लागले.

तीन दिवसांच्या नोंदीतून दिसले की त्यांच्या पोटात जाते ते १००० उष्मांकांच्या आसपासच असते. सकाळी आणि संध्याकाळी एकेक मोठा पेला फळांचा रस, दुपारी सूप आणि कच्च्या भाज्या, रात्री थोडेसे जेवण. पूर्वी २३०० च्या आसपास खात असावेत. रस आरोग्यासाठी चांगला, असे समजून मीच काढून देत होते.

रुईफूल
तुम्ही फार नीट नोंद केलीत. पाच वेळा उठण्यासाठी युरोपातल्या तज्ज्ञगटाने १५ सेकंदांची मर्यादा धरली आहे आणि आशियातल्या गटाने १२ सेकंदांची. १६.८ दोन्हींच्या पलीकडे आहे. एकट्या या चाचणीवरून स्नायू झिजले असे निदान होत नाही, मुठीची ताकदही मोजावी लागते, आणि निदानाच्या वेळची मोजणी नसल्यामुळे हे आधीपासूनचे की चार महिन्यांतले, हे आता कळणार नाही. तरीही मी आहार बदलण्यासाठी ही माहिती पुरेशी मानेन.

त्यांच्या जेवणात प्रथिने दिवसाला ४० ग्रॅमही होत नसावीत. लठ्ठ माणसात प्रथिनांचा हिशेब काट्यावरच्या वजनावर न करता उंचीला साजेशा वजनावर करतात. त्यांच्यासाठी ते ६८ किलोंच्या आसपास येते, आणि किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर साधारण ८० ग्रॅम होतात. हे तीन जेवणांत विभागून घ्यायचे, सगळे रात्री नाही. मधुमेह असल्यामुळे आधी क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन पाहून डॉक्टरांची संमती घ्या. उष्मांक १६०० ते १७०० वर आणले, तरी पूर्वीपेक्षा सहाशे-सातशेंची तूट राहतेच. रस पूर्ण बंद करा. दोन मोठ्या पेल्यांतून सहज ५० ग्रॅमच्या आसपास साखर जाते आणि तिच्यातल्या फ्रुक्टोजपासून यकृत चरबी तयार करते. अख्खे फळ खाल्लेले चालेल.

आणखी एक गोष्ट लगेच पाहा. एवढे कमी खात असताना ते इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेत असतील, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यासाठी दोन आठवडे थांबू नका, डॉक्टरांना आजच फोन करा.

पाणवठा
वजनाच्या काट्याबद्दल माझा अनुभव लिहिते. माझ्या थोरल्या भावाला सिऱ्हॉसिसपर्यंत मजल गेल्यावर निदान झाले. वर्षभर त्याचे वजन ७८ च्या आसपास स्थिर होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पोटात पाणी साठत होते आणि दंड-मांड्या वाळत होत्या. एकाने दुसऱ्याची जागा भरून काढली आणि काटा हलला नाही. त्याच्या पायजम्याची नाडी घट्ट होत होती, पण घड्याळाचा पट्टा मनगटावर फिरत होता. त्या दोन गोष्टी आम्ही एकत्र जोडल्या नाहीत. पुढे आहारतज्ज्ञांनी त्याचे वजन उतरवणे थांबवले, प्रथिने वाढवली आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला लावले, कारण अशा यकृतात साठा कमी असतो आणि रात्रभरच्या उपवासात शरीर स्नायूंवर हात टाकते.

रुईफूल
पाणवठा, हे तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. अनुस्वार यांच्या यजमानांना सिऱ्हॉसिस असल्याचे वरच्या आकड्यांवरून दिसत नाही, त्यामुळे त्यांनी हा आहार उचलू नये. पण वजन कमी करायचे की नाही, हेच मुळात यकृत कोणत्या टप्प्यावर आहे यावर ठरते.

मध्यलय
माझी आई ७१ वर्षांची आहे, तिचा फिब-४ १.७ आला आहे. हा मधला पट्टा झाला ना?

काचपट्टी
वय सूत्राच्या अंशात असल्यामुळे वृद्धांत आकडा आपोआप वाढतो. म्हणून ६५ च्या वर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. त्या हिशेबाने १.७ कमी धोक्यात येतो. तरीही प्लेटलेटचा आकडा एकदा पाहा. काही रक्तांत नमुन्याच्या नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्र त्यांना कमी मोजते आणि फिब-४ खोटा वाढतो. काचपट्टीवर थेंब पाहिला की लगेच कळते.

अनुस्वार
(सहा आठवड्यांनंतर)
सर्वांना कळवते आहे. डॉक्टरांनी मधुमेहाची एक गोळी फोनवरच निम्मी केली. दहा दिवस जड व्यायाम बंद ठेवून रक्त दिले, तेव्हा एएसटी २९, एएलटी ३१, प्लेटलेट १ लाख ९४ हजार आणि क्रिएटिन कायनेज सामान्य निघाले. फिब-४ १.४२ आला. मूत्रपिंड ठीक असल्यामुळे प्रथिने ८० ग्रॅमपर्यंत नेली आणि नंतर आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम हलक्यापासून सुरू केला. आज वजन ८३.४ आहे, म्हणजे थोडे वाढलेच, पण कंबर ९७ झाली आणि खुर्चीवरून पाच वेळा उठायला १३.९ सेकंद लागले.

दगडफूल
रुईफूल आणि काचपट्टी, "आकडा सोडून द्या" हे माझे म्हणणे चुकीचे होते. सोडून दिला असता, तर आहाराची चूक कळलीच नसती. पण आता १.४२ झाला, तर इलॅस्टोग्राफी लगेच करून खात्री का करून घेऊ नये?

रुईफूल
चरबी आणि दाह कमी झाल्यानेही ताठरपणा लवकर उतरतो. आता आकडा खाली आला, तरी त्यातला व्रण किती घटला ते सांगता येणार नाही. व्रण विरघळायला महिने नव्हे, वर्षे लागतात. पहिली मोजणी ८ ते १२ किलोपास्कलच्या मधली आहे आणि मधुमेहही आहे, तेव्हा मी पहिल्या मोजणीपासून एक वर्षाने ती पुन्हा करायला सांगेन. फिब-४ १.३ च्या खाली गेला, तरी मधुमेहींमध्ये तो वर्षा-दोन वर्षांनी पाहायचाच असतो.

काचपट्टी
माझे मत थोडे वेगळे आहे. अनुस्वार, पहिली इलॅस्टोग्राफी उपाशीपोटी झाली होती का? किमान तीन तास काही खाल्लेले नसावे लागते, कारण जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि ताठरपणा जास्त भरतो.

अनुस्वार
नाही. तिथे कोणी विचारले नाही आणि आम्हाला माहीत नव्हते. सकाळी भरपेट न्याहारी करून तासाभरात आम्ही पोहोचलो होतो. शिवाय अहवालावर आतापर्यंत न वाचलेली एक ओळ आज वाचली: दहा वाचनांतील तफावत मध्यकाच्या ३४ टक्के.

काचपट्टी
तफावत ३० टक्क्यांच्या आत असली तरच मोजणी भरवशाची मानतात. म्हणजे ९.१ हा आरंभबिंदूच डळमळीत आहे. खरा आकडा ८ च्या खालीही असू शकला असता. वर्षाने केलेली मोजणी कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्न उरतो, म्हणून मी आताच उपाशीपोटी एक नीट मोजणी करून घेईन.

रुईफूल
ही माहिती आधी असती, तर मीही तेच सुचवले असते. मात्र आता केलेली मोजणी ९ किलो उतरल्यानंतरची असेल, त्यामुळे सुरुवातीला खरोखर किती होते, ते तिच्यातूनही कळणार नाही. हा अहवाल, ती ३४ टक्क्यांची ओळ आणि न्याहारीची गोष्ट डॉक्टरांना दाखवा. आता करायची की वर्षाने, ते त्यांनाच ठरवू द्या.

अनुस्वार
सोमवारी भेट आहे. ते काय म्हणतात ते इथेच लिहीन. जाताना खुर्चीच्या वेळांची वहीही सोबत घेते आहे.